तेरावं घर

तबल्याच्या तोंडावरचं चामडं, म्हणजे पुडी, फुटल्याचा आवाज मला ऐकूच आला नाही. गाडीच्या डिकीतून तबल्याची पिशवी बाहेर काढली, चेन उघडली, वरची गादी उचलली, तर पुडीच्या कडेच्या वेणीला, म्हणजे गजऱ्याला, लागून चांगली चार बोटं लांबीची फट. काठावरची चामड्याची पट्टी, चाट, फाटली होती, खालचं मुख्य चामडं, लव, तीही फाटली होती आणि कडा आतल्या बाजूला वळल्या होत्या. मधली काळी शाई मात्र शाबूत होती. आदल्या रात्री याच तबल्यावर मी दोन तास वाजवलं होतं आणि मनाशी म्हटलं होतं की आज तबला काय बोलला!

पहिला राग अर्थातच कारागिरावर काढला. चामडं कच्चं घातलं असणार. गुरुजींना फोन केला तर त्यांनी एकच विचारलं, "काल किती चढवला होतास?" मी सांगितलं, पेटीच्या काळी दोनला. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "आणि उतरवला कधी?"

उतरवला नव्हताच. तेव्हा मला हेही ठाऊक नव्हतं की उतरवायचा असतो.

झालं होतं ते असं. माझा तबला साडेपाच इंची तोंडाचा, काळी एकला सुखाने राहणारा. त्या संध्याकाळी पावसाची झड होती आणि हवा इतकी दमट, की पिशवीतून काढला तेव्हा तो आपोआप पांढरी एकपर्यंत उतरलेला होता. चामडं ओल धरतं, सैलावतं, सूर खाली येतो. गायक ऐनवेळी म्हणाले, काळी दोनमध्ये गाऊ. म्हणजे मला पांढरी एकवरून काळी दोनवर जायचं होतं, तीन पट्ट्या वर. हातोडी घेतली आणि चामड्याच्या वाद्यांखालचे लाकडी गट्टे खाली ठोकत गेलो. चढत गेला बापडा.

सूर आणि ताण यांचं गणित मी नंतर कागदावर मांडलं. चामड्याचा सूर ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चढतो. एक पट्टी, म्हणजे अर्धा स्वर, चढवायला ताण साधारण बारा टक्के वाढवावा लागतो. तीन पट्ट्यांना तो एक्केचाळीस टक्के होतो. कानाला तीन पट्ट्या म्हणजे फारसं काही वाटत नाही, चामड्याला ते जवळजवळ दीडपट ओझं असतं. आणि हे झालं ओल्या चामड्याचं. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, बंद गाडी तापली, चामड्यातली ओल निघून गेली आणि ते आक्रसलं. गट्टे जिथल्या तिथे, वाद्या जिथल्या तिथे. सैल चामड्याला सुरात आणण्यासाठी मी जो जादा ताण दिला होता, तो आता कोरड्या चामड्याच्या अंगावर बसला. कारागिराचा त्यात काही दोष नव्हता.

नवी पुडी बसवायला गेलो तेव्हा कारागीरकाकांनी जुनी पुडी उलटी धरून उजेडात दाखवली. फाटलेल्या जागेपासून थोडं बाजूला, चाटेच्या आतल्या काठावर, चामडं पार पातळ होऊन चकाकत होतं. "हे तुमच्या 'ना' बोलाचं बोट," ते म्हणाले. "तीन वर्षं एकाच जागी मारलंत. तबला फिरवत नाही का?" नव्हतो फिरवत. गोल वाद्याला पुढची बाजू असते असं मी धरून चाललो होतो. पुढची बाजू म्हणजे जिथे लाकडी खोडावर पॉलिश चांगलं दिसतं ती.

पुडी बसवून दिल्यावर ते म्हणाले, पहिले दोन दिवस सुरात आणू नका, एक-दोन पट्ट्या खालीच ठेवा, रोज थोडं वाजवा. नवी पुडी ओढ घेते. वाद्याही ओढ घेतात. आज मिळवलेला तबला उद्या उतरलेला सापडतो आणि तोही सगळीकडून सारखा उतरलेला नसतो. एका बाजूचा गजरा खाली बसतो, दुसऱ्या बाजूचा वरच राहतो. पहिल्या पंधरा दिवसांत जो तबला वाकडा बसला तो कायम वाकडाच राहतो, असं त्यांचं म्हणणं. मला ते थोडं अतिशयोक्त वाटतं, पण त्या भीतीने मी ते पंधरा दिवस नीट काढले, हे खरं.

तोवर माझी तबला मिळवायची रीत म्हणजे गट्टा ठोकायचा, वाजवून बघायचं, परत ठोकायचा. ते पहिले दोन दिवस सरल्यावर गुरुजींनी ती मोडली. त्यांनी खडू दिला आणि खोडावर, गजऱ्याच्या खाली, घरांचे आकडे लिहायला सांगितले. गजऱ्यातून वादी जिथे जिथे खाली जाते तिथे एक घर, अशी सोळा घरं. गट्टे आठ, म्हणजे एका गट्ट्याच्या वाट्याला दोन घरं. गट्टा हलवला की शेजारशेजारची दोन्ही घरं एकदम हलतात, म्हणून गट्टे फक्त जवळपास पोहोचण्यापुरते. तबला हव्या असलेल्या सुराच्या किंचित खाली आला की गट्ट्यांचं काम संपलं. पुढचं सगळं गजऱ्यावर. वरून हलकेच मारलं की ते घर चढतं, गजऱ्याच्या खालून वर मारलं की उतरतं.

मग तानपुरा काळी एकवर लावला आणि पहिल्या घरापासून 'ना' वाजवत निघालो. हात तोच, जागा तीच, तबला चुंबळीवर फिरवत न्यायचा. अनामिका शाईच्या काठावर अलगद टेकलेली, तर्जनी चाटेवर. इथे दोन चुका सगळे नवशिके करतात आणि मीही केल्या. पहिली म्हणजे 'तूं' वाजवून सूर बघणं. उघड्या 'तूं'चा सूर वेगळाच असतो, त्यावर तबला मिळवला तर 'ना' भलतीकडेच जातो. दुसरी म्हणजे प्रत्येक घरावर वेगळ्या जोराने मारणं. जोरात मारलेला 'ना' आघाताच्या क्षणी चढाच वाटतो.

माझ्या नव्या पुडीची त्या दिवशीची हकीकत अशी होती. पहिल्या घरावर 'ना' तानपुऱ्याला चिकटून. पाचव्यावर स्पष्ट उतरलेला, पण स्थिर. तिसऱ्यावर मात्र चमत्कारिक प्रकार: सूर धड चढाही नाही आणि उतराही नाही, नुसता लहरतोय. वांऽव वांऽव असा. पुढे नवव्यावर पुन्हा बरोबर, तेराव्यावर पुन्हा उतरलेला, आणि सातव्या, अकराव्या, पंधराव्यावर तेच लहरणं.

मी कागदावर हे आकडे लिहिले तेव्हा गुरुजी हसले. "बघ, एकासमोर नऊ, पाचासमोर तेरा. समोरासमोरची घरं एकच सांगतात."

याचं कारण मला भौतिकशास्त्रातून कळलं आणि ते कळल्यावर हातोडीचा हात बदलला, म्हणून इथे थोडं थांबतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपल्या तालवाद्यांवर काम केलं होतं, १९३४ सालचा त्यांचा सविस्तर लेख प्रसिद्ध आहे. साध्या ताणलेल्या चामड्याचे उपसूर मूळ सुराशी सुसंवादी नसतात, म्हणून नगाऱ्याचा गडगडाट होतो. तबल्याच्या मध्यावर शाईचं वजन असल्यामुळे ते उपसूर जागेवर येतात आणि सूर ऐकू येतो, हे त्यांनी दाखवलं. अनामिका टेकवून 'ना' मारतो तेव्हा चामडं एका व्यासावर स्थिर राहून त्याच्या दोन्ही बाजूंनी झोपाळ्याच्या फळीसारखं वरखाली होतं. मी पहिल्या घरावर मारलं तर एक टोक पहिलं, दुसरं टोक नववं. म्हणून त्या दोघांचा सूर एकच. पाचव्यावर मारलं तर झुलतं ते पाच ते तेरा. या दोन दिशांचे ताण सारखे नसतील तर तबल्यात दोन सूर राहतात, आणि मध्ये, तिसऱ्या घरावर, मारलं तर दोन्ही एकदम वाजतात. काळी एक साधारण २७७ हर्ट्झला. दुसरी दिशा २७३ ला राहिली असेल तर सेकंदाला चार हेलकावे. माझं वांऽव वांऽव ते हेच.

यातून एक फार उपयोगी गोष्ट निघते. जिथे सूर लहरतो तिथे मारायचं नाही. मी आधी नेमकं तेच करत असे. तिसरं घर लहरतंय म्हणून तिसऱ्यावर हातोडी, मग सातवं बिघडलं म्हणून सातव्यावर, आणि अर्ध्या तासाने सगळंच चढलेलं आणि सगळंच लहरणारं. बिघाड पाच-तेराच्या दिशेत होता, लहरणं ही त्याची नुसती सावली.

आता पाच ठोकायचं की तेरा? कान इथे सांगत नाही, कारण दोन्हीकडून एकच सूर येतो. मी पाचव्यावर मारलं, ते हाताशी होतं म्हणून. तीन हलके ठोके. सूर आला, लहरणंही थांबलं. खूष होऊन गुरुजींकडे बघितलं, तर ते 'तिं' वाजवून बघत होते. सूर बरोबर, पण नाद आखूड. लवेवरचा 'तिं' जसा लांब चालत राहायला हवा तसा चालत नव्हता. "डोळे मिटून बोट फिरव गजऱ्यावरून," ते म्हणाले. फिरवलं. पाचव्या घराशी गजरा खोडाच्या काठाखाली दबलेला, तेराव्याशी चांगला तांदळाच्या दाण्याएवढा वर. ताण दोन्ही टोकांत मिळून बरोबर झाला होता, पण पुडी एका बाजूला खेचली गेली होती.

मग उलटं करावं लागलं. पाचव्या घरावर गजऱ्याच्या खालून दोन ठोके, ते मोकळं केलं. तेराव्याची वादी बोटाने दाबून बघितली, ती शेजारच्या वाद्यांपेक्षा ढिली लागली. तेराव्या घरावर अंगठ्याने गजरा खाली दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने 'ना' वाजवला, तर सूर जागेवर आला. म्हणजे दुखणं इथलंच. वरून एक ठोका, थांबायचं, वाजवायचं. दुसरा ठोका. तिसऱ्याला सूर लागला आणि 'तिं' लांब गेला. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी गजऱ्यावरून बोट, मग वाद्या, मग कान. हातोडी सगळ्यात शेवटी.

थांबायचं का, तर वादी लाकडाला घासून अडकून बसलेली असते. ठोका मारला की वरचा भाग लगेच ताणला जातो, गट्ट्याखालचा आणि तळाच्या कड्याजवळचा भाग मागून सरकतो. मिळवलेला तबला पाच मिनिटांत थोडा हलतो तो त्यामुळे. मी मिळवून झाल्यावर पाच मिनिटं बोलांचा एखादा कायदा वाजवतो आणि मग फक्त चार घरं पुन्हा बघतो, एक, पाच, नऊ, तेरा. कार्यक्रमात मंचावर चढून पहिल्याच मिनिटाला 'झाला' म्हणणाऱ्यांचा मला हेवा वाटतो, पण दुसऱ्या आवर्तनाला तेच हातोडी शोधताना दिसतात.

हातोडीबद्दल. गजरा म्हणजे चामड्याचीच वेणी आहे, लोखंड नव्हे. हातोडीचा मार खोडाच्या बाजूला समांतर, सरळ खाली उतरायला हवा. ती आत झुकली की चाटेवर आपटते आणि तिथे चंद्रकोरीसारखा वळ उठतो. हा वळ निरुपद्रवी दिसतो, पण पुढच्या चढवणीत चामडं तिथूनच चिरतं. ती बाहेर झुकली तर गजऱ्याचे पेड तुटतात. मी डाव्या हाताचा तळवा पुडीवर पालथा धरून ठोकतो, म्हणजे हातोडी निसटलीच तर बोटं शेकतात, पुडी वाचते. एकदा शेकली आहेत. मोठा एक ठोका मारण्यापेक्षा लहान तीन बरे, आणि गट्टे ठोकताना नेहमी समोरासमोर: एक ठोकला की त्याच्या समोरचा, मग काटकोनातले दोन. कडेकडेने गोल फिरत गेलं की पुडी हमखास एका बाजूला ओढली जाते.

गट्टेही बरंच सांगतात. सगळे गट्टे खोडाच्या तळाशी येऊन टेकले आणि तरी सूर खालीच असेल तर हातोडीने आता काही होणार नाही, वाद्या सैल झाल्यात, त्या कारागिराकडून ओढून घ्याव्या लागतात. माझ्या पुडीला दोन महिन्यांनी ते करावं लागलं. आणि गट्टे सगळे वर असूनही तबला चढाच असेल, तर पुडी किंवा तोंडाचा आकारच त्या पट्टीचा नाही. काळी एकच्या तबल्याला एक पट्टी वर, एक-दीड पट्टी खाली एवढंच मागावं. त्याखाली गेला की 'ना' फडफडतो, वर गेला की नाद आक्रसतो. काळी दोनच्या गायकासाठी मी आता पाच इंची तोंडाचा वेगळा तबला नेतो. खांद्याला त्रास होतो. पुडीला होत नाही.

चामड्याच्या निगेत मला सर्वांत मोठा धडा पावडरीने दिला. घाम सुटतो म्हणून मी सढळ हाताने पावडर टाकायचो. ती चाट आणि लव यांच्या मधल्या फटीत जाऊन बसते, घामाने तिचा लगदा होतो आणि मग 'ना' मिटमिटा वाजतो. सूर बरोबर असूनही झळाळी नाही, असं झालं की मी आधी तिथे बघतो. मऊ कोरड्या ब्रशने जमेल तेवढी काढतो. शाईच्या बारीक भेगांतही ती भरते. त्या भेगा म्हणजे दोष नव्हे, कारागीर थरावर थर देत दगडाने घोटून त्या मुद्दाम पाडतो. त्यांच्यामुळे ती कडक शाई चामड्याबरोबर हलू शकते. आता पावडर बोटांना चिमूटभर लावतो आणि पुडीवर शिंपडतच नाही. वाजवून झालं की सुती कोरडं फडकं, आधी चाटेवर, मग लवेवर, शाईवर शेवटी आणि अगदी हलकं. ओलं फडकं शाईला कधीच नाही. त्यात लोखंडाचा कीस आणि खळ असते, पाणी लागलं की ती फुगते आणि कण सुटतात. सुटलेले कण पुडीवर राहिले तर 'तिं'बरोबर झणझण असा बारीक आवाज येतो. तो ऐकू आला की मी तबला उलटा करून हळूच थोपटतो. कण पडतच राहिले तर शाई पुन्हा लावून घ्यायची वेळ आली, असं समजतो.

चाट एका जागी झिजू नये म्हणून महिन्याला दोन घरं फिरवतो. खोडावरचे खडूचे आकडे केव्हाच पुसले गेले, आता गट्ट्यावर पेन्सिलीची एक खूण आहे, ती या महिन्यात उजव्या गुडघ्याकडे. पॉलिशची चांगली बाजू श्रोत्यांकडे नसते, त्याला इलाज नाही.

डग्ग्याची मी फार ठोकाठोक करत नाही. त्याची पुडी जाड, ताण कमी, गुण घुमाऱ्यात. बोटाने दाबून बघितल्यावर घुमारा मिळाला की पुरे. फक्त तोही उन्हात ठेवत नाही. आणि पुडी म्हणजे उंदराला चामडंच. एकदा माळ्यावर ठेवलेल्या डग्ग्याची कड कुरतडलेली सापडली, तेव्हापासून जोड पिशवीत आणि पिशवी कपाटात.

गेल्या आठवड्यात पुन्हा तशीच झड होती. तबला पाऊण पट्टी उतरला होता. गट्टे समोरासमोर अर्धा-अर्धा बोट खाली घेतले, गजरा चाचपला, तेरावं घर जरा वर लागलं, दोन ठोके दिले. कार्यक्रम संपल्यावर बाकीचे चहाला गेले. मी तिथेच बसून आठही गट्टे खालून अर्धा बोट वर ठोकले, पुडीवर गादी ठेवली आणि चेन ओढली. तंबोऱ्याच्या मुलाने विचारलं, "उद्या पुन्हा मिळवायला लागेल की." म्हटलं, लागेल.